गाडी विकली, कर्ज उरलं

सकाळी साडेआठ

यार्डाचं शटर उघडण्याआधी मी चहाच्या टपरीवर उभा राहून फोनमध्ये आजच्या गाड्या पाहतो. नाशिकला जुन्या गाड्यांच्या यार्डात खरेदीचं टेबल माझ्याकडे आहे. कोणती गाडी कितीला घ्यायची हे मी ठरवतो आणि गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घेण्याचं कामही माझंच. आज तीन गाड्या येणार आहेत, त्यातल्या दोन लोनवरच्या. हल्ली दोन-तीन वर्षांची गाडी विकायला आली की तिच्यावर कर्ज असणारच असं धरूनच मी बसतो.

लोनची गाडी असली की माझा दिवस गाडीपेक्षा कागदात जास्त जातो. गाडी बघायला अर्धा तास पुरतो. कर्ज किती उरलंय आणि गाडी कितीला जातेय यातला फरक मालकाच्या गळी उतरवायला मात्र कधीकधी अख्खा दिवस लागतो. हा फरक आपल्याच खिशातून भरायचा आहे हे बहुतेकांना पहिल्यांदा आमच्या टेबलावर कळतं. तिथे कुणाचा चेहरा पडलेला पाहणं मला अजूनही सोपं जात नाही.

साडेनऊ

पहिली गाडी आली. पांढरी, पेट्रोल, चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, डिसेंबर २०२३ ची. तिचा मालक पस्तिशीचा, अंबडच्या एका कारखान्यात अभियंता. आता बंगळुरूला नवी नोकरी मिळाली आहे, महिनाअखेर कुटुंबासह जायचं आहे. कंपनीची बस घरापासून आहे, त्यामुळे गाडीची गरज उरलेली नाही. ती तिकडे न्यायची म्हटली तर आधी बँकेची परवानगी, मग इथल्या आरटीओची एनओसी, आणि बारा महिन्यांहून जास्त राहायचं म्हणजे तिथे नव्याने नोंदणी करून कर्नाटकचा करही भरायचा. म्हणून विकायची.

आरसीवर 'हायपोथिकेशन' या रकान्यात बँकेचं नाव होतं. त्याचा अर्थ एवढाच, की गाडी तुमच्या नावावर असली तरी बँकेच्या संमतीशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

"लोन किती राहिलंय, दादा?" मी विचारलं.

"सहा लाख," त्याने लगेच सांगितलं. फोनमध्ये हिशोब लिहूनच आणला होता. कर्ज साडेदहा लाखांचं. हप्ता १७,२९६ रुपये. सव्वीस हप्ते गेले, म्हणजे ४,४९,६९६ रुपये फिटले. उरले ६,००,३०४. गाडीला सहा लाख नव्वद हजार मिळतील असं त्याला मित्राने सांगितलं होतं. म्हणजे बँकेचं देऊन हातात नव्वद हजार राहणार, आणि त्यात बंगळुरूच्या घराचं डिपॉझिट भागणार.

माणूस प्रामाणिक होता आणि बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. फक्त बँक त्या पद्धतीने मोजत नाही.

सव्वादहा

मी त्याला बँकेच्या ॲपमधून परतफेडीचं वेळापत्रक उघडायला सांगितलं. प्रत्येक कर्जाबरोबर हा तक्ता मिळतो आणि फार थोडे लोक तो उघडतात. प्रत्येक हप्त्यासमोर दोन आकडे असतात, त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती.

त्याचं कर्ज ९.७५ टक्के स्थिर व्याजाचं, सात वर्षांचं, म्हणजे चौऱ्याऐंशी हप्त्यांचं. पहिल्या महिन्यात साडेदहा लाखांवर एका महिन्याचं व्याज झालं ८,५३१ रुपये. म्हणजे १७,२९६ च्या हप्त्यातून मुद्दल कमी झालं फक्त ८,७६५ रुपयांनी. महिन्यागणिक व्याजाचा वाटा थोडा घटतो आणि मुद्दलाचा वाढतो, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा बदल फार संथ असतो. सव्विसाव्या हप्त्यानंतर तक्त्यात शिल्लक मुद्दल होतं ७,९७,४०० रुपये.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग खालची वाचली, आपण चुकीच्या महिन्यासमोर बोट ठेवलं असेल म्हणून.

"मी साडेचार लाख भरलेत ना?"

"भरलेत. त्यातले दोन लाख साडेबावन्न हजार मुद्दलात गेले. एक लाख सत्त्याण्णव हजार व्याजात."

ही कुणी केलेली फसवणूक नाही, हे मी आवर्जून सांगतो. सव्वीस महिने बँकेचे आठ-दहा लाख रुपये वापरले, त्याचं भाडं म्हणजे ते व्याज. पण हप्ता ठरवताना शोरूममध्ये ही बाजू कुणी समोर ठेवत नाही. तिथे प्रश्न एकच असतो: महिन्याला किती झेपेल? हप्ता झेपावा म्हणून मुदत लांबवली जाते. मुदत लांबली की मुद्दल हळू फिटतं. गाडीची किंमत मात्र कर्जाच्या मुदतीप्रमाणे उतरत नाही, ती बाजाराप्रमाणे उतरते, आणि पहिल्या वर्षांत सगळ्यात जोरात उतरते.

अकरा

आता गाडी. पेंटचा मीटर चारही बाजूंनी फिरवला. डाव्या मागच्या दाराचा रंग जाड लागला, म्हणजे दार पुन्हा रंगवलेलं. खालच्या चॅसिसला काही नाही, पुढची ॲप्रन मूळ कंपनीची, जोड शाबूत. एकतीस हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या नोंदींशी जुळणारे. टायर अजून वर्षभर चालतील. दोन्ही चाव्या आहेत. गाडी चांगलीच आहे.

मी ६,९०,००० सांगितले. मित्राचा अंदाज अचूक निघाला.

पण मूळ किमतीशी ताळमेळ लावताना पुन्हा एक गाठ लागली. "अकरा लाख पंचावन्न हजारांची गाडी दोन वर्षांत सहा नव्वद?" हा प्रश्न रोज येतो आणि त्याचं उत्तर मी कागदावर देतो, कारण तोंडी दिलं तर तो घासाघिशीचा भाग वाटतो.

अकरा पंचावन्न ही रस्त्यावर येईपर्यंतची किंमत. त्यातली गाडीची शोरूम किंमत ९,९०,०००. उरलेल्या १,६५,००० पैकी जवळपास एक लाख नऊ हजार महाराष्ट्राचा रस्ता कर, कारण दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. बाकी विमा, नोंदणी, सीट कव्हर, जादा वॉरंटी. यातलं काहीही जुन्या बाजारात परत मिळत नाही. घेणारा गाडीचे पैसे देतो, तुम्ही भरलेल्या कराचे देत नाही. आणि इथे कर्ज होतं साडेदहा लाखांचं. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा साठ हजार जास्त. करावर, विम्यावर आणि सीट कव्हरवरही सात वर्षांचं कर्ज काढलेलं होतं. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली त्या क्षणीच कर्ज गाडीपेक्षा मोठं होतं.

त्यात भर पडली जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर खाली आला. या गाडीवर आधी अठ्ठावीस टक्के जीएसटी आणि एक टक्का सेस असा एकोणतीस टक्के होता, तो अठरा झाला. ९,९०,००० ची शोरूम किंमत तेवढ्यानेच नऊ लाख सहा हजारांच्या आसपास येते. नवी गाडी चौऱ्याऐंशी हजारांनी स्वस्त झाली की दोन वर्षं जुनीचा भाव जागेवर राहत नाही. नवी घेणाऱ्यांचा तो फायदा झाला, पण त्याआधी गाडी घेऊन आता विकायला निघालेल्यांच्या पायाखालची एक पायरी त्या दिवशी गेली. कर्जाचा आकडा मात्र एका रुपयानेही हलला नाही.

पाऊण

बँकेचं फोरक्लोजर लेटर आलं. मालकाने काल ॲपवरून मागवलं होतं. काही बँका लगेच देतात, काही ठिकाणी शाखेत जाऊन सही करावी लागते आणि दोन-तीन कामकाजाचे दिवस जातात. वेळापत्रकातली शिल्लक म्हणजे बँकेची अंतिम मागणी नव्हे. अंतिम आकडा या पत्रातच असतो, आणि तोही एका ठरावीक तारखेपुरता.

पत्र १९ तारखेपर्यंतचं होतं, आज १६. मी पेनाने एकेक ओळ खूण करत त्याला वाचून दाखवली. शिल्लक मुद्दल ७,९७,४००. मुदतीआधी बंद करण्याचा आकार पाच टक्के, ३९,८७०. त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी, ७,१७७. पाच तारखेच्या हप्त्यानंतर १९ तारखेपर्यंतचे चौदा दिवस, दिवसाला २१३ प्रमाणे व्याज २,९८२. आणि गेल्या वर्षी एकदा हप्ता परत गेला होता, त्याचे ५९०, जे त्याने हप्त्याबरोबर भरले असं त्याला वाटत होतं. एकूण ८,४८,०१९.

पाच टक्क्यांवर तो अडला. "रिझर्व्ह बँकेने हे बंद केलं ना?"

अर्धं बरोबर. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहेत, आणि व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर असा आकार घेता येत नाही. याचं कर्ज २०२३ चं आणि स्थिर दराचं. त्यामुळे करारात जे लिहिलंय तेच चालणार. करार आम्ही उघडून पाहिला. पाच टक्के लिहिलेले होते, मंजुरीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर. हे पान कर्ज घेतानाच वाचायचं असतं. व्याजदरात पाव टक्का कमी करून घेण्यासाठी लोक चार शोरूम फिरतात आणि मुदतीआधी फेडीचा आकार विचारतही नाहीत.

आता तीन आकडे एका रेषेत आले. बँकेला द्यायचे ८,४८,०१९. गाडीचे येणार ६,९०,०००. कमी पडणार १,५८,०१९.

हातात नव्वद हजार यायचे होते, तिथे खिशातून एक लाख अठ्ठावन्न हजार. अडीच लाखांचा हा फरक आला कुठून, हे मी त्याला दाखवलं. आजवर भरलेलं सगळं व्याज अधिक पत्रातले सगळे आकार, बरोबर तेवढाच फरक. त्याने स्वतः बेरीज करून पाहिली आणि ती रुपयापर्यंत जुळली. मग खांदे जरा सैल पडले. आकडा कुठून आला हे कळलं की माणूस तो सहन करू शकतो, असा माझा अनुभव आहे.

दोन

डबा खाताना त्याचा फोन वाजला. बाहेरून एक जण बोलत होता. मालकाने फोन स्पीकरवर टाकला. "लोन बंद करायची भानगडच नको भाऊ. गाडी माझ्याकडे द्या, वरून पन्नास हजार रोख घ्या, पुढचे हप्ते मी भरतो. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ."

खड्डा भरायचा नाही, उलट पन्नास हजार मिळणार. अशा क्षणी हे किती गोड वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून डबा बाजूला ठेवून बोललो.

गाडी बँकेकडे तारण आहे. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय ती दुसऱ्याच्या ताब्यात देणं हाच कराराचा भंग. बँकेशी त्या स्टॅम्पपेपरचा काही संबंध नाही. हप्ता चुकला तर फोन तुम्हालाच, सिबिल तुमचंच खराब, आणि वसुलीवाले गाडी शोधत आले तर गाडी कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसणार. त्याहून गंभीर गोष्ट अपघाताची. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्यात गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकावर आली. दीड लाख वाचवायला जाऊन दुसऱ्याच्या चालवण्याची जबाबदारी आपण पाच वर्षं अंगावर घेतो.

त्याने फोन करणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं.

तीन

"तुम्ही सहा नव्वद देता, बाहेर कुणी घरगुती गिऱ्हाईक सात वीस देईल," तो म्हणाला. बरोबर आहे, देईल. आम्हाला गाडी विकून कमवायचं असतं, त्यामुळे आमचा भाव त्याखालीच असणार, आणि मी हे लपवत नाही.

पण लोनच्या गाडीत घरगुती गिऱ्हाइकाशी एक पेच पडतो. बँक पूर्ण पैसे आल्याशिवाय एनओसी देत नाही. गिऱ्हाईक एनओसी पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही. आणि मालकाकडे पदरचे साडेआठ लाख नसतात, म्हणूनच तर तो गाडी विकत असतो. हा पेच सोडवायचा एकच सरळ मार्ग आहे: दोघांनी मिळून कर्ज देणाऱ्या शाखेत जायचं, आधी मालकाने कमी पडणारी रक्कम कर्जखात्यात भरायची, मग गिऱ्हाइकाने गाडीची किंमत मालकाला न देता थेट त्याच कर्जखात्यात आरटीजीएस करायची, आणि हे सगळं लिहून दोघांनी सह्या करायच्या. ओळखीतलं, धीर धरणारं गिऱ्हाईक असेल तर हे जमतं आणि तीस हजार वाचतात. त्याच्याकडे मात्र बारा दिवस होते आणि असं गिऱ्हाईक नव्हतं.

मग मुख्य प्रश्न. दीड लाख घालून आत्ता विकायची, की हप्ते भरत राहून कर्ज गाडीच्या किमतीखाली आल्यावर? वडील म्हणत होते, गाडी नाशिकला राहू दे, वर्ष-दीड वर्षात फरक आपोआप मिटेल.

तो आपोआप मिटत नाही. मी कोऱ्या कागदावर पुढच्या एकाच महिन्याचा हिशोब मांडला. सत्ताविसाव्या हप्त्यात व्याज जाणार सुमारे ६,४८० आणि मुद्दल कमी होणार १०,८१७ ने. पण उभ्या गाडीचा भावही महिन्याला खाली येणार. अशा गाडीचा, माझ्या अंदाजाने, सहा-सात हजारांनी. म्हणजे १७,२९६ खिशातून गेले आणि दरी भरली चार हजारांच्या आसपास. भरताहेत तेही त्याच्याच पगारातले पैसे. वर विमा आहेच, आणि उभ्या गाडीची बॅटरी, टायर, ब्रेक बिघडतात ते वेगळं.

आता दुसरी बाजू. आत्ता विकली आणि कमी पडणारी सगळी रक्कम पर्सनल लोनने भरली, अगदी तेरा टक्क्यांनी, तरी पहिल्या महिन्याचं व्याज होतं सतराशे रुपये. तेरा टक्के ऐकून घाबरायला होतं, कारण गाडीचं कर्ज पावणेदहाचं आहे. पण पावणेदहा टक्के आठ लाखांवर लागतात आणि तेरा टक्के दीड लाखावर. त्यात दुसरीकडे रोज भाव उतरणारी वस्तू दारात उभी नाही. गाडी लागत नसेल तर थांबण्यात फायदा नाही.

गाडी रोज लागत असती तर मी उलट सांगितलं असतं. मग ती वापरायची, जमेल तेव्हा मुद्दलात जादा रक्कम टाकायची, आणि त्यावर आकार लागतो का ते आधी विचारायचं. चव्वेचाळिसाव्या हप्त्याला त्याचं मुद्दल ५,८९,००० पर्यंत येतं. त्या सुमाराला कर्ज आणि किंमत एकमेकांच्या जवळ येतात.

त्याने विचारलं, कर्ज पाच वर्षांचं घेतलं असतं तर? तेही मांडून पाहिलं. हप्ता बसला असता २२,१८० आणि आज मुद्दल उरलं असतं ६,५६,६०० च्या आसपास. दरी जवळपास नसतीच. पण त्यासाठी सव्वीस महिने दरमहा ४,८८४ जास्त द्यावे लागले असते, म्हणजे एकूण एक लाख सत्तावीस हजार. आज जे एकरकमी द्यायचंय त्यातलं बरंचसं तो तेव्हा हप्त्याहप्त्याने देऊन मोकळा झाला असता. सात वर्षांच्या कर्जाने ते फक्त पुढे ढकललं आणि ढकलण्याचं व्याज घेतलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, तेव्हा घराचा हप्ताही नुकताच सुरू झाला होता, २२ हजार झेपलेच नसते. मला ते पटलं. सगळ्यांची दोन्ही टोकं एकाच वेळी जुळत नाहीत.

साडेचार

पैसे कुठून आणायचे ते ठरलं. बचतीतून ७३,०१९. बाकीचा एक लाख पगाराच्या खात्यावर आधीच मंजूर असलेल्या पर्सनल लोनमधून, चोवीस महिन्यांसाठी, हप्ता सुमारे ४,७५४. इथे मी त्याला घाई करायला लावली: आजच अर्ज करा. नोकरी बदलून दोन महिने झालेत असं दिसलं की बँका हात आखडता घेतात. आत्ता तो जुन्या पगारावर आहे.

एक लाख अठ्ठावन्न लागत असताना एक त्र्याहत्तर का, असं वाचणाऱ्याला वाटेल. कारण आमचं यार्ड पंधरा हजार रोखून ठेवतं. गाडीवर जुनं चलन निघालं, एनओसीला उशीर झाला, तर त्यासाठी. बोजा उतरून गाडी नावावर झाली की ते परत मिळतात. पण तोवर तेवढे पैसे मालकालाच घालावे लागतात, कारण बँकेला तर पूर्ण ८,४८,०१९ हवे असतात. दरी असलेल्या गाडीत ही रक्कम हमखास विसरली जाते आणि शेवटच्या दिवशी पंधरा हजारांसाठी धावपळ होते. ई-चलन मी इथेच तपासलं. मुंबई-आग्रा महामार्गावरचं वेगाचं एक निघालं, दोन हजारांचं. त्याने लगेच भरलं.

मग क्रम लिहून दिला. आधी त्याचे १,७३,०१९ कर्जखात्यात. ते जमा झाल्याची नोंद दिसली की आमचे ६,७५,०००, तेही थेट कर्जखात्यात. आमचे पैसे आधी का नाहीत? कारण त्याची रक्कम कमी पडली तर कर्ज बंद होत नाही, आमचे पावणेसात लाख दुसऱ्याच्या कर्जात अडकतात आणि गाडीवर बोजा तसाच. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, पण आलेली रक्कम फोरक्लोजरसाठी वापरायची नोंद बँकेचा माणूसच करतो, तोही कामाच्या वेळेत. म्हणून पैसे १८ तारखेला दुपारच्या आत. १९ उलटली तर दिवसाचे २१३ वाढतातच, शिवाय पत्र नव्याने मागवावं लागतं.

आणि पाच तारखेचा हप्ता. खातं बंद झालं तरी आपोआप हप्ता कापण्याचा आदेश कधीकधी चालूच राहतो. तो रद्द करण्याचा अर्ज फोरक्लोजरच्याच दिवशी द्यायचा.

त्याला कर्जाबरोबर एक विमाही विकलेला होता, कर्जदाराचं काही झालं तर कर्ज फेडणारा. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळलेला. कर्ज मुदतीआधी बंद होतंय तर उरलेल्या काळापोटी काही रक्कम परत मिळू शकते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पॉलिसी शोधून ठेवायला सांगितलं.

सहा

गेल्या महिन्यातली एक फाईल. कर्ज पूर्ण फिटलं, पत्रावर शिल्लक शून्य, तरी बँक एनओसी देईना. आज शाखेतून उत्तर आलं: मालकाच्या नावावर त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड थकीत आहे, ते भरा. करारात तसं कलम असतं, एका कर्जाचं तारण दुसऱ्या येण्यासाठी धरून ठेवण्याचं. मित्राला जामीन राहिलेल्यांचंही असंच अडतं. गाडी आमच्या दारात, पैसे बँकेत आणि पुढचं गिऱ्हाईक रोज फोन करतंय.

म्हणून पैसे पाठवण्याआधी मी मालकाला बँकेकडे ईमेल करायला लावतो: माझ्या नावावर किंवा जामीन म्हणून दुसरं काही येणं आहे का, आणि हे खातं बंद केल्यावर एनओसी किती दिवसांत मिळेल? सकाळच्या अभियंत्याने तो ईमेल माझ्यासमोरच पाठवला. त्याचं कार्ड दुसऱ्या बँकेचं होतं, त्यामुळे मला फारशी चिंता नाही.

साडेसात

पेठ रोडच्या आरटीओतून आमचा माणूस परतला, दोन गाड्यांचे कागद घेऊन. सकाळच्या गाडीची फाईल मी त्याच्याकडे दिली. पहिल्या पानावर काय यायचं बाकी आहे ते लिहिलं: बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती. एनओसी साधारण तीन महिनेच चालते, म्हणून ती हातात पडली की त्याच आठवड्यात बोजा उतरवायचा. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आजच घेतल्या, तो बंगळुरूला गेल्यावर त्याला परत बोलवावं लागू नये म्हणून. गाडी आमच्या ताब्यात आल्याची सूचना, फॉर्म २९ सी, ताबा घेऊ त्याच दिवशी ऑनलाइन भरायची, म्हणजे त्या दिवसापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही.

निघताना त्याचा मेसेज आला. पर्सनल लोन मंजूर झालं होतं, पैसे उद्या दुपारपर्यंत खात्यात. खाली विचारलं होतं, १,७३,०१९ एकाच वेळी पाठवू की दोनदा? एकाच वेळी पाठवा, असं कळवलं, आणि शेऱ्यात कर्जखात्याचा नंबर लिहायला सांगितला.